दगडाचा पत्ता
नाव नसलेल्या छायाचित्रावरून स्थळ कसे ओळखावे

भोकरदन तालुक्यातल्या अन्वा गावी बाराव्या शतकातले एक दगडी मंदिर आहे. उंच जोत्यावर उभे असलेले हे मंदिर काळ्या दगडाचे आहे. त्याच्या सभामंडपात कोरीव खांबांची दाटी आहे, बाहेरच्या भिंतीवर मूर्ती आहेत आणि गाभाऱ्यात आज महादेवाची पिंड आहे. अशा मंदिराचे एखादे छायाचित्र आपल्या हाती येते तेव्हा त्याच्यासोबत गावाचे नाव येईलच असे नाही. जुन्या वहीत चिकटवलेला फोटो असो की फोनवर फिरत आलेला, चौकटीत दिसतात ते दोन खांब, भिंतीचा एक तुकडा, एखादी झिजलेली मूर्ती, कधी अक्षरांची एखादी ओळ. त्याखाली कोणीतरी ‘हेमाडपंती मंदिर, मराठवाडा’ असे लिहिलेले असते आणि शोध तिथेच थांबतो.

हा शोध पुढे नेता येतो. त्यासाठी छायाचित्रातल्या प्रत्येक खुणेला आधी एक प्रश्न विचारायचा: ही खूण तिच्या मूळ जागी आहे का? मूर्ती उचलून नेता येते, शिलालेखाची शिळा दुसऱ्या भिंतीत बसवता येते. भिंतीचा पाया मात्र कोणी हलवत नाही. म्हणून वाचन भिंतीपासून सुरू करावे, मग मूर्तीकडे जावे आणि अक्षरांकडे शेवटी वळावे. बहुतेक जण नेमके उलटे करतात आणि म्हणून चुकतात.

भिंत काय सांगते

सर्वांत आधी दगडाची जात पाहावी. जालना जिल्हा दख्खनच्या लाव्हारसाच्या थरांवर वसलेला आहे, त्यामुळे इथले जुने बांधकाम बेसाल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचे. दगडाचा ताजा टवका उडालेला असेल तर आत गडद करडा रंग दिसतो आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसू शकतात. छायाचित्रातला दगड पिवळसर किंवा तांबूस आणि वाळूच्या पोताचा असेल तर शोध विदर्भाच्या पूर्व टोकाला न्यावा. गडचिरोलीतले मार्कंडीचे मंदिर वालुकाश्माचे आहे. दगड लालसर आणि जाळीदार असेल तर तो कोकणातला जांभा. एवढ्या एका पाहणीने महाराष्ट्राची ही दोन्ही टोके बाजूला पडतात. पण उरलेला बहुतेक भाग काळ्या दगडाचाच आहे, म्हणून पुढची पायरी सांध्याची.

यादवकाळातले गवंडी दोन चिऱ्यांमध्ये चुना भरत नसत. चिरे घासून एकमेकांवर चपखल बसवायचे, गरज पडेल तिथे खाच आणि कूस करून गुंतवायचे आणि बाकीचे काम वजनावर सोडायचे, अशी ती रीत. चांगल्या फोटोत असा सांधा केसासारखी काळी रेघ म्हणून दिसतो. दारावर आणि खांबांवर आडव्या तुळया असतात, कमान नसते. छत झाकताना चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवत, तोंड लहान करत वर जातात. त्यामुळे खालून पाहिले की एकात एक फिरवलेले चौकोन दिसतात.

याच्या शेजारी जालना शहरातल्या वास्तू ठेवून पाहाव्यात. जमशेदखानाने बांधलेली काळी मशीद 1578ची आणि आसफजाहच्या आज्ञेवरून काबिलखानाने उभारलेली गढी 1725ची. दगड त्याच प्रदेशातला, पण रचनेचा विचार वेगळा: चिऱ्यांच्या मध्ये चुन्याची पांढरी रेघ, दारांवर कमान. अहिल्याबाई होळकरांच्या काळातले मराठा बांधकामही चुन्याचे आणि कमानीचे. तेव्हा फोटोत चुना आणि कमान दिसली तर बाराव्या शतकाचा विचार सोडून द्यावा.

फसगत होते ती जोडकामाच्या भिंतीत. गढीच्या किंवा गावाच्या वेशीच्या भिंतीत मंदिराचे कोरीव दगड सर्रास सापडतात. नक्षीचा पट्टा एका दगडावर अचानक तुटतो, शेजारचा चिरा साधा असतो, एखादी मूर्ती आडवी किंवा उलटी बसवलेली असते. अशा ठिकाणी कोरीव दगड एका काळाचा आणि भिंत दुसऱ्या काळाची असते. दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या लिहायच्या. उलट प्रकारही घडतो. जुन्या मंदिराची पडझड झाल्यावर कोणी सांधे चुन्याने किंवा सिमेंटने लिंपतो, आणि फोटोत जुनी भिंत नवी वाटू लागते. लेप फक्त काही सांध्यांत आहे की भिंतीभर आहे, हे पाहिले की ते कळते.

‘हेमाडपंती’ या शिक्क्यावर तारीख ठरवू नये. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अन्व्याचे मंदिर त्याच्या आधीचे. अंबरनाथच्या मंदिरात तर शके 982चा, म्हणजे इ. स. 1060चा लेख आहे. चुन्याविना बांधण्याची ही रीत हेमाद्रीच्या जन्माआधीपासून चालत आलेली होती.

मूर्तीचे हात

भिंतीने प्रदेश आणि काळ दिला. पण सिन्नर, लोणार, औंढा, अन्वा ही सगळी नावे अजून यादीत आहेत. यांतले एक निवडायचे काम मूर्ती करते.

अन्व्याच्या बाह्यभिंतीवर विष्णूच्या शक्तींच्या, म्हणजे स्त्रीरूपांच्या मूर्ती आहेत. अशा मूर्ती दुर्मीळ आहेत. गाभाऱ्यात पिंड असली तरी मंदिर मुळात वैष्णव असावे, असे अभ्यासक मानतात ते यांच्याच आधारे. तेव्हा फोटोत चार हातांची स्त्री दिसली आणि तिच्या हातांत शंख, चक्र, गदा, पद्म असतील, तर ‘कुणीतरी देवी’ म्हणून पुढे जाऊ नये. चारही हात वाचावेत.

वाचण्याची रीत ठरलेली आहे. मूर्तीचा स्वतःचा उजवा खालचा हात पहिला, मग उजवा वरचा, मग डावा वरचा आणि शेवटी डावा खालचा. विष्णूची चोवीस रूपे ओळखतात ती या चार हातांतल्या आयुधांच्या क्रमावरून. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. गदा, चक्र, शंख, पद्म आला तर माधव. शक्तीही त्याच क्रमाने ओळखायच्या: केशवाची कीर्ती, माधवाची तुष्टी.

आता हे दोन क्रम पुन्हा पाहा. एक दुसऱ्याच्या बरोबर उलटा आहे. म्हणजे छायाचित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे छापले गेले, तर केशवाचा माधव होतो आणि कीर्तीची तुष्टी, आणि वाचणाऱ्याला काही खटकतही नाही. जुन्या काचेच्या निगेटिव्ह कधी कधी उलट्या ठेवून छापल्या जात. आज फोन एका स्पर्शात फोटो फिरवतो. म्हणून मूर्ती वाचण्याआधी फोटो सुलटा आहे याची खात्री करून घ्यावी. त्याच चौकटीत अक्षरे असतील तर ती सरळ वाचता येतात का, हे पाहावे. पुरुषमूर्ती असेल तर जानवे डाव्या खांद्यावर हवे. मंदिर पूर्वाभिमुख असेल आणि फोटो दारासमोरून घेतलेला असेल, तर अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारे गोमुख उत्तरेला, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला पडते. यांतली एक खूण उलटी निघाली तरी फोटो फिरवून पुन्हा पहिल्यापासून वाचावा.

अक्षरे

आता लेख. लिपीवरून काळाचा ढोबळ अंदाज लगेच येतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला वाकाटककालीन लेख ब्राह्मीच्या वळणाचा, अक्षरांच्या माथ्यावर लहान चौकटी असलेला. यादवकाळात आपल्या ओळखीची नागरी येते, पण तिच्यात पडीमात्रा असते. आज आपण ‘के’ लिहिताना मात्रा अक्षराच्या डोक्यावर देतो. पडीमात्रेत ती अक्षराच्या आधी उभ्या रेघेसारखी येते. नवख्या वाचकाला ती आधीच्या अक्षराचा काना वाटते आणि सगळा शब्द बिघडतो. पडीमात्रा पुढेही बराच काळ चालली, त्यामुळे ती एकटी तारीख देत नाही. लेख कन्नड लिपीत असेल तर नजर दक्षिण मराठवाड्याकडे, धाराशिव, लातूर, नांदेडकडे वळवावी. फारसी असेल तर सल्तनत, मोगल किंवा निजामाचा काळ.

लेखात शक आणि संवत्सर दोन्ही दिलेले असतील तर आकडा तपासून पाहता येतो. शकात 12 मिळवावेत आणि 60ने भागावे. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या लेखात शके 1195 आणि श्रीमुख संवत्सर आहे. 1195 आणि 12 मिळून 1207. 60ने भागले की बाकी 7, आणि प्रभवापासून सातवा श्रीमुखच. फोटोत मधला आकडा पुसट असता आणि तो कोणी 9ऐवजी 6 वाचला असता, तर शके 1165ची बाकी 37 आली असती आणि चूक तिथेच पकडली गेली असती. एखाद्या वर्षाचा फरक मात्र पडू शकतो, कारण काही लेख सरलेले वर्ष देतात आणि काही चालू. हिजरी सनासाठी आकड्याला 0.97ने गुणून 622 मिळवावेत: 1138 वाचले तर उत्तर साधारण 1726 येते.

फोटोतल्या अक्षरांवर शेंदूर किंवा ऑइलपेंट असेल तर जास्त सावध राहावे. रंगवणारा माणूस स्वतःला दिसली तशी अक्षरे गिरवतो, आणि आपण दगडाऐवजी त्याचे वाचन वाचतो.

नाव निश्चित करताना

दगड, सांधा, मूर्ती आणि लेख यांतून एखादे नाव पुढे आले की त्या स्थळाचे खात्रीचे दुसरे छायाचित्र शोधावे आणि दोन्ही शेजारी ठेवावीत. शैली जुळणे पुरेसे नाही. एकाच काळातली दहा मंदिरे शैलीने जुळतात. जुळायला हवेत ते अपघात: खांबाचा तुटलेला कोपरा, मूर्तीच्या भंगलेल्या हाताची रेघ, तुळईची चीर, चिऱ्यांच्या सांध्यांचा क्रम. असे तीन-चार अपघात एका जागी जुळले की स्थळ तेच. एकही जुळला नाही तर ‘यादवकालीन, मराठवाड्यातले’ एवढेच लिहून थांबावे.

दुसरे छायाचित्र शोधताना एक अडचण हमखास येते. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. त्याआधीच्या नोंदींत अन्वा औरंगाबाद जिल्ह्यात आणि त्याहीआधी निजामाच्या मुलखात येते. हेन्री कझिन्सची निजामाच्या राज्यातल्या प्राचीन अवशेषांची यादी 1900ची आहे. तिच्यात ‘जालना जिल्हा’ शोधणाऱ्याला काही सापडणार नाही. शोध गाव आणि तालुक्याच्या नावाने घ्यावा, आणि इंग्रजीत लिहिलेल्या गावाची चार वेगवेगळी स्पेलिंग करून पाहावीत.

या दिवाळीत गावी जाल तेव्हा वेशीपाशी किंवा देवळामागे पडलेल्या कोरीव दगडांचे फोटो जरूर घ्या. पण जवळून एक घेतलात तर दुरून, शेजारच्या भिंतीसह, दुसराही घ्या. अक्षरे टिपायला सकाळची किंवा संध्याकाळची तिरपी उन्हे धरा. अक्षरांवर खडू, पीठ किंवा तेल चोळू नका. दगड त्याच्या जागेवरून हलवू नका. आणि फोटोसोबत गाव, तालुका, तारीख व तोंड कोणत्या दिशेला आहे, एवढे त्याच दिवशी लिहून ठेवा.