काटा हलत नाही? मग टेप काढा!

सोमवारची सकाळ हा जिमवाल्या मंडळींचा सगळ्यात वाईट वेळ. रविवारी सावजी झालेलं असतं आणि काटा शनिवारपेक्षा दीड किलो पुढे! लगेच टेन्शन. पण जरा हिशेब करा. एक किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. दीड किलोसाठी साडेअकरा हजार. एका जेवणात एवढं कोणी खाऊ शकत नाही, अगदी नागपूरकरसुद्धा!

मग वाढलं काय? पाणी. भात-भाकरीतली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. रश्शातलं मीठ त्यात आणखी भर घालतं. दोन-तीन दिवसांत हे पाणी ओसरतं. मे महिन्यात याच्या उलट होतं. ४५ डिग्रीत घाम गाळून काटा किलोभर खाली दिसतो, पण ती चरबी नव्हे. मटक्यातलं पाणी प्यायलं की वजन जागेवर!

दुसरा घोळ स्नायूंचा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के! म्हणजे उंचीच्या मानाने वजन तेच, आतला माल वेगळा. दोन माणसांत जे होतं, तेच एका माणसात तीन महिन्यांत होऊ शकतं.

मिहानमध्ये नोकरी करणारी माझी एक मैत्रीण याचं चांगलं उदाहरण आहे. बारा आठवडे जिम करून ती वैतागली होती. ‘‘काटा हलूनच नाही राहिला ना!’’ वजन ७१.४ वरून ७०.६. फक्त आठशे ग्रॅम! मी तिची वही मागितली. कंबर ९१ सेंटिमीटरवरून ८५ वर आली होती. स्क्वॉट पहिल्या महिन्याच्या शेवटी २५ किलोचे आठ होत, आता ४० किलोचे आठ. कंबर उतरली आणि ताकद वाढली, याचा सरळ अर्थ चरबी गेली आणि स्नायू टिकले, थोडे वाढलेही. काट्याने दोन्हींची वजाबाकी करून फक्त आठशे ग्रॅम दाखवले.

मात्र मोजायची पद्धत पक्की हवी. कंबर म्हणजे पॅण्टचा पट्टा बसतो ती जागा नव्हे. कुशीला शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक चाचपा, त्या दोन्हींच्या मधोमध शिंप्याचा टेप जमिनीला समांतर धरा. सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका, टेप आवळू नका. तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. आठवड्यातून एकदा बस्स. अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाला भाव देऊ नका, तेवढी चूक टेपचीच असते. पाळीच्या आधी पोट फुगतं, म्हणून मुलींनी एका महिन्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी.

फोटो चार आठवड्यांनी. तीच भिंत, तीच वेळ, तोच उजेड, तेच कपडे. मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेवून टायमर लावा. समोरून, बाजूने आणि मागून. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये स्नायू उगाच उठून दिसतात, म्हणून जागा बदलली की फोटो वाया. आणि एकटा फोटो पुरावा नाही. याज्ञिकही फोटोत सडपातळच दिसतात!

ताकदीतही एक मेख आहे. पहिल्या महिन्यातली वाढ बरीचशी मज्जातंतूंच्या शिकण्याची असते, स्नायूंची नव्हे. म्हणून तुलना त्यानंतरची धरा, आणि स्क्वॉट तेवढाच खाली जायला हवा. वजन वाढवून अर्ध्यावरच थांबलात, तर वहीतला आकडा खोटा.

आता तिन्ही एकत्र वाचा. वजन घटतंय, ताकदही घटतेय आणि कंबर तिथेच असेल, तर स्नायू जातायत. जेवण, विशेषतः प्रोटीन, वाढवा. वजन आणि कंबर दोन्ही महिनाभर चढत असतील, तर ते पाणी नाही, सावजीच आहे. आणि एक आकडा लक्षात असू द्या : भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०. कंबर त्यापुढे असेल, तर वजन ‘नॉर्मल’ असूनही शुगर आणि बीपी तपासून घ्या. माझ्या मैत्रिणीला अजून पाच सेंटिमीटर उतरवायचे आहेत. किती किलो, हे ती आता विचारत नाही.