तळपायाची रात्रीची जळजळ

तळपायात, विशेषतः रात्री अंथरुणावर पडल्यावर, जाणवणारी आग, मुंग्या किंवा सुया टोचल्यासारखी संवेदना हे बहुधा मज्जातंतूंच्या विकाराचे लक्षण असते. तो स्वतंत्र रोग नव्हे. व्यवहारात यास ‘अंगातली उष्णता वाढली’ असे म्हटले जाते. या लक्षणामागील दोन कारणांची परस्परांशी गल्लत होते. घोट्याजवळ एकच मज्जातंतू दाबला गेल्यास त्यास टार्सल टनेल सिंड्रोम म्हणतात, तर दोन्ही पायांतील अनेक मज्जातंतूंची टोके झिजल्यास त्यास परिधीय न्यूरोपॅथी म्हणतात. दोहोंतील वेदना सारखी असली तरी उपचार भिन्न असल्यामुळे हा भेद महत्त्वाचा ठरतो.

शरीररचना

पायाच्या आतल्या घोट्याच्या मागे व किंचित खाली एक अरुंद मार्ग असतो. त्याचा तळ हाडांचा आणि छत एका रुंद, चिवट अस्थिबंधाचे असते. यालाच टार्सल बोगदा म्हणतात. त्यातून बोटे व पाऊल वळविणाऱ्या तीन कंडरा, एक रोहिणी, तिच्या सोबतच्या नीला आणि टिबियल मज्जातंतू तळपायाकडे जातात. हा मज्जातंतू पुढे तळपायाच्या आतल्या व बाहेरच्या भागासाठी दोन शाखांत विभागतो. टाचेकडे जाणारी शाखा पुष्कळांमध्ये बोगद्याच्या वरच फुटते.

पावलाच्या वरच्या बाजूची संवेदना मात्र वेगळ्या मज्जातंतूकडून येते आणि तो या बोगद्यातून जात नाही. दोन्ही विकारांतील फरक ओळखण्याचा मुख्य आधार हाच आहे.

टार्सल टनेल सिंड्रोम

केक आणि लॅम या दोघांनी इ.स. १९६२ मध्ये स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले. मनगटातील कार्पल टनेल सिंड्रोमचे हे पायातील रूप मानता येईल. बोगद्याच्या भिंती ताणल्या जात नसल्यामुळे आत थोडी जरी जागा व्यापली गेली तरी दाब मज्जातंतूवर येतो. कंडरेच्या आवरणातून निघालेली पाण्याची गाठ, फुगलेल्या नीला, जुन्या मुरगळीनंतरची सूज व व्रणऊती, घोट्याचा अस्थिभंग आणि टाच बाहेरच्या बाजूस कलंडलेला सपाट तळवा ही त्याची प्रमुख कारणे होत.

विकार बहुधा एकाच पायात असतो. जळजळ चवडा, बोटांची खालची बाजू व तळव्याची कमान येथे होते. टाच अनेकदा सुटते. दिवसभर उभे राहिल्यावर किंवा फार चालल्यावर त्रास वाढतो आणि रात्रीपर्यंत टिकतो. काहींना झोपेतून उठून पाय झटकल्यावर थोडा आराम पडतो.

परिधीय न्यूरोपॅथी

मज्जातंतू जितका लांब तितके त्याच्या टोकापर्यंत पोषण पोहोचविणे अवघड असते. म्हणून मधुमेहासारख्या सर्वांगीण विकारात सर्वांत लांब तंतू आधी बाधित होतात. प्रारंभ दोन्ही पायांच्या बोटांपासून होतो आणि बधिरता मोजा वर ओढावा तशी घोट्याकडे व पोटरीकडे सरकते. ती गुडघ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत हातांच्या बोटांतही मुंग्या येऊ लागतात. मोज्याप्रमाणे पसरत असल्याने तिच्यात पावलाची वरची बाजूही बधिर होते. रात्री अन्य संवेदना थांबल्यामुळे आग तीव्र भासते आणि काहींना पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही.

मधुमेहाशिवाय बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, दीर्घकाळचे मद्यपान, मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइड ग्रंथीची मंदता आणि क्षयरोगावरील आयसोनियाझिडसारखी औषधे ही कारणे आढळतात. मधुमेहावर दिले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ची पातळी घटू शकते. त्यामुळे मधुमेही व्यक्तीची न्यूरोपॅथी केवळ साखरेमुळेच झाली असे गृहीत धरता येत नाही.

भेद ओळखणे

पहिला प्रश्न जागेचा असतो. जळजळ एका पायात की दोन्हींत, केवळ तळव्याला की वरच्या बाजूसही, हे रुग्णाकडून बोटाने दाखवून घेतले जाते. त्यानंतर आतल्या घोट्यामागे बोटाने हलकेच टिचक्या मारतात. तळव्यात विजेसारखी झिणझिण पसरल्यास त्यास टिनेल चिन्ह म्हणतात. पाऊल वर व बाहेर वळवून काही सेकंद धरल्यास बोगद्यातील दाब वाढतो व लक्षणे उमटतात.

न्यूरोपॅथीसाठी १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवून स्पर्श कळतो का हे पाहतात. १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपनाची जाणीव तपासतात. कंपनाची जाणीव व घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया दोन्ही बाजूंना मंदावलेली असल्यास कल न्यूरोपॅथीकडे जातो.

मज्जातंतूंतील विद्युतवहनाची तपासणी उपयुक्त असली तरी ती निर्णायक नसते. टार्सल टनेलमध्ये ती कधी निर्दोष येते. तसेच जळजळ वाहून नेणारे बारीक तंतू तिच्या कक्षेत येत नसल्यामुळे केवळ तेच झिजले असता अहवाल सामान्य दिसतो. अहवाल सामान्य आला म्हणजे वेदना काल्पनिक आहे, असे ठरत नाही.

नमुना उदाहरण

आठ वर्षे मधुमेह असलेल्या, दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्या ५८ वर्षांच्या व्यक्तीचा उजवा तळवा रात्री जळतो अशी कल्पना करू. मधुमेह ठाऊक असल्यामुळे निदान न्यूरोपॅथी असे होऊन गोळ्या सुरू होतात, पण वर्षभरात आराम पडत नाही. नीट विचारल्यावर डावा पाय शांत असल्याचे व उजव्या पावलाची वरची बाजू आणि टाच यांत काहीच होत नसल्याचे कळते. घोट्यामागे टिचकी मारताच अंगठ्यापर्यंत झिणझिण जाते आणि सोनोग्राफीत बोगद्यात पाण्याची गाठ दिसते. येथे गोळ्यांनी वेदना थोडी दबली, तरी दाब तसाच राहिला होता. नादकाट्याची जाणीव मात्र दोन्ही अंगठ्यांवर थोडी कमी आढळते. म्हणजेच सौम्य न्यूरोपॅथीही आहे. दोन्ही विकार एकत्र असू शकतात. आधीच दुर्बल झालेला मज्जातंतू दाबाला लवकर बळी पडतो. अशा वेळी गाठ काढल्याने जळजळ कमी होण्याची आशा असते, पण जुनी बधिरता राहू शकते.

उपचार

दाबाच्या विकारात कमानीला आधार देणारी पादत्राणे, उभे राहण्याचे प्रमाण घटविणे आणि क्वचित स्टेरॉइडचे इंजेक्शन यांपासून आरंभ करतात. न जमल्यास अस्थिबंध कापून बोगदा मोकळा करतात. गाठीसारखे निश्चित कारण सापडल्यास शस्त्रक्रियेचा लाभ अधिक होतो. निव्वळ न्यूरोपॅथीत बोगदा मोकळा करण्याने मूळ कारण दूर होत नाही. तेथे साखरेचे नियंत्रण व बी-१२ची भरपाई हा पाया असून प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन ही औषधे वेदना कमी करतात. गेलेली संवेदना ती परत आणत नाहीत.

तळव्यास तूप लावून काशाच्या वाटीने घासण्याने तात्पुरते बरे वाटू शकते, परंतु त्यामुळे दाब किंवा झीज यांपैकी काहीही दूर होत नाही. बधिर पाय गरम पाण्यात बुडविणे वा शेकणे मात्र धोक्याचे असते, कारण चटका बसल्याचे कळत नाही व जखम चिघळते.

इतर शक्यता

कुष्ठरोगात टिबियल मज्जातंतू नेमका घोट्यामागेच जाड होतो. म्हणून भारतात अशा रुग्णाच्या त्वचेवर बधिर चट्टे आहेत का हेही पाहावे लागते. कंबरेतील मणक्याजवळ मज्जातंतू दाबल्यास कळ मांडीपासून खाली उतरते. जळजळीसोबत पायातील शक्ती वेगाने कमी होणे, लघवीवरील ताबा जाणे किंवा तळव्यावर न दुखणारी जखम होणे ही तातडीने वैद्यकीय तपासणी करून घेण्याची लक्षणे होत.