परदेशी फंड घेण्यापूर्वी : मर्यादा, खर्च आणि अधिमूल्य

व्यापारी कुटुंबाच्या मालमत्तेची यादी केली, तर दुकान, गोदाम, घर, ठेवी आणि भारतीय कंपन्यांचे समभाग बहुधा आढळतात. हे सारे एकाच देशाच्या अर्थकारणाशी आणि रुपयाशी बांधलेले असते. येथे मंदी आली, की गल्ला आणि समभाग एकाच वेळी आटतात. म्हणून समभागांतील रकमेचा दहा-पंधरा टक्के भाग परदेशी बाजारांत असावा, हा विचार रास्त आहे. मात्र ही वाट मोजून-मापून दिलेली आहे.

भारतीय म्युच्युअल फंडांना परदेशी रोख्यांत मिळून ७०० कोटी डॉलर आणि परदेशी ईटीएफमध्ये स्वतंत्रपणे १०० कोटी डॉलर अशी मर्यादा आहे. २०२२च्या आरंभी पहिली मर्यादा भरत आली आणि अनेक योजनांनी नवे पैसे घेणे थांबविले. तेव्हापासून जागा होईल तशा योजना उघडतात व मिटतात.

याचा खरा फटका शेअर बाजारात खरेदी होणाऱ्या परदेशी निर्देशांकाच्या ईटीएफमध्ये बसतो. फंडाला नवी युनिट काढता येत नाहीत, परंतु ग्राहक वाढतात. मग असलेल्याच युनिटांचा भाव मूळ मूल्याच्या वर चढतो. समजा, युनिटचे मूळ मूल्य १०० रुपये आहे आणि बाजारभाव ११५. आपण १,१५,००० रुपयांना १,००० युनिट घेतली. पुढे मर्यादा सैल झाली व अधिमूल्य ओसरले, तर परदेशी बाजार तसूभरही न हलता त्यांचे १,००,००० रुपये होतील. म्हणजे सुमारे तेरा टक्के तोटा. म्हणून खरेदीपूर्वी फंडाच्या संकेतस्थळावरील iNAV हा आकडा बाजारभावाशी ताडून पाहावा. फरक एक-दोन टक्क्यांहून अधिक असेल, तर थांबावे.

ईटीएफऐवजी फंड-ऑफ-फंड थेट फंडाकडून घेतल्यास व्यवहार मूळ मूल्यानेच होतो. परंतु तेथे भारतीय योजनेचा व तिच्या पोटातील परदेशी योजनेचा, असा दुहेरी खर्च असतो. दोन वर्षांनंतरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. त्याआधी विकल्यास नफा आपल्या उत्पन्नात धरला जातो. भारतीय समभागांच्या दीर्घकालीन नफ्यावरील सव्वा लाखाची सूट येथे नाही.

दुसरा मार्ग बँकेमार्फत स्वतः डॉलर पाठविण्याचा. प्रतिव्यक्ती वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. मात्र दहा लाख रुपयांवरील रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते. पंधरा लाख पाठविले, तर वरच्या पाच लाखांवर एक लाख. तो आपल्या आयकरात वळता होतो. पण तोवर ते भांडवल धंद्यातून बाहेर राहते. शिवाय परदेशी मालमत्तेची नोंद विवरणपत्रात दरवर्षी करावी लागते.

म्हणून बहुतेक कुटुंबांना उघडी असलेली फंड-ऑफ-फंड योजना आणि हप्त्याहप्त्याने खरेदी हीच वाट सोयीची. फंड मिटलेला असेल, तर वाट पाहावी. चढे अधिमूल्य देऊन आत शिरू नये.