जुनी दप्तरं उतरवण्याआधीचा हिशेब

गावातल्या जुन्या वाचनालयाकडे शंभर वर्षांपूर्वीच्या हस्तलिखित नोंदवह्या असतात. बैठकींचे ठराव बाळबोधीत, जमाखर्च बराचसा मोडीत. त्या देवनागरीत टंकून ठेवायच्या असं ठरतं, स्वयंसेवकही भराभर नावं देतात. काम मात्र अडतं ते तपासणीपाशी, कारण तिचा हिशेब आधी कुणी मांडलेलाच नसतो.

समजा, २० वह्या आहेत आणि प्रत्येकीत २०० पृष्ठं, म्हणजे एकूण ४,०००. या आकड्यावर विसंबू नये. दर विसावं पृष्ठ उघडून पाहावं. त्या २०० नमुन्यांत ४० कोरी निघाली, तर खरं काम साधारण ३,२०० पृष्ठांचं. मग चार-पाच जणांना घड्याळ लावून दहा-दहा पृष्ठं उतरवायला द्यावीत, त्यांत जमाखर्चाची पानंही हवीत. ठरावाच्या पानापेक्षा त्यांना जास्त वेळ लागतो. सरासरी ४५ मिनिटं आली असं धरू. एकूण २,४०० तास झाले. वीस जण आठवड्याला दोन-दोन तास बसले, तर साठ आठवडे.

इथेच बहुतेक जण थांबतात. पण या वेगाने आठवड्याला ५३ पृष्ठं तयार होतात. मूळ पानाशी ताडून बघायला प्रत्येकी १५ मिनिटं धरली, तरी तेरा तास लागतात. मोडी नीट वाचणारे दोघंच आणि ते तीन-तीन तास देणार, तर २४ पृष्ठं तपासून होतात आणि २९ साचतात. दर आठवड्याला.

म्हणून नवे तपासनीस उतरवणाऱ्यांतूनच घडवावे लागतात. प्रशिक्षणात सगळ्यांना तीच पाच पृष्ठं द्यावीत आणि जाणकाराने केलेल्या प्रतीशी ताडून पाहावीत. कोण कुठे चुकतो ते लगेच कळतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, शब्दही सुटे नसतात. त्यामुळे शब्द कुठे तोडायचे, शुद्धलेखन मुळातलं ठेवायचं की नाही, हे नियम आधीच लिहून द्यावेत. लागत नसलेल्या अक्षरापाशी अंदाज न करता प्रश्नचिन्ह टाकावं.

पैशांच्या रकान्यात दगाफटका जास्त. ‘५॥’ म्हणजे साडेपाच. नवखा माणूस ते ५११ वाचतो. ते पकडायचा उपाय सोपा आहे : रकान्याची बेरीज करून पानाखालच्या बेरजेशी जुळवावी. ठरावाच्या मजकुराला अशी सोय नाही. तिथे तपासनिसाने ओळीवर बोट ठेवून मूळ पानच वाचायला हवं. नुसता टंकलेला मजकूर वाचला, तर गळलेली ओळ ध्यानात येत नाही, वाक्य जुळलेलंच वाटतं.

तपासनीस पाच झाल्याशिवाय वीस जणांना कामाला लावू नका. तोवर आठ-नऊ जण पुरेत.