दिल्लीकर पुतण्यास निवृत्त भूमापक काकांचे पत्र : शजरा कसा वाचावा



नजफगढकडील गावाच्या जुन्या शजऱ्याचे जे छायाचित्र तू धाडलेस, त्यात गावशिवेच्या वळणावर, जिथे तीन गावांच्या हद्दी एकत्र येतात, तिथे जी खूण आहे, तिला तिकडील पटवारी सेहद्दा म्हणतात. तो दगड जागेवर शाबूत असेल, तर मोजणीस त्याच्याइतका भरवशाचा आधार नाही.

आता 23//14 हा आकडा पाहा. चकबंदीनंतरच्या या लेखनात दोन रेघांपूर्वीचा अंक मुरब्ब्याचा आणि नंतरचा किल्ल्याचा होय. एका मुरब्ब्यात पंचवीस किल्ले. प्रत्येक किल्ला 40 करम लांब व 36 करम रुंद, आणि करम साडेपाच फुटांचा, म्हणजे बरोबर 43,560 चौरस फूट, अर्थात आपल्याकडील चाळीस गुंठ्यांचा एकर.

परंतु क्रमांक नांगराच्या तासांप्रमाणे उलटसुलट धावतात : पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, तिसरी पुन्हा डावीकडून. त्यामुळे 14च्या वर 9 नसून 7 आहे, आणि खाली 17. सर्व ओळी एकाच दिशेने वाचणारा मनुष्य भलत्याच शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन उभा राहतो.

छायाचित्र तिरपे घेतले असल्याने त्यावर पट्टी लावून अंतर काढू नकोस. कडेला लिहिलेले करमांचे आकडेच प्रमाण मान, आणि खरेदीपूर्वी तहसिलीतून शजऱ्याची नक्कल घेऊन रीतसर निशाणदेही करवून घे.