टार्गेट बदललं त्या दिवशी

पहाटे 5.00
आमच्या कंपनीचा विक्री डॅशबोर्ड रोज या वेळी रिफ्रेश होतो. आम्ही शेतीचे पंप विकतो, शाखा राज्यभर आहेत, आणि शाखा व्यवस्थापक सकाळचा चहा घेता घेता फोनवर टाइल बघतात. आज 15 ऑक्टोबर. काल संध्याकाळी परिपत्रक आलं: काही शाखांची वार्षिक टार्गेट बदलली, अंमल 1 ऑक्टोबरपासून. सांगलीचं 2,400 पंपांवरून 3,000 झालं. नवे आकडे मी रात्रीच भरून ठेवले, त्यामुळे आजचा रिफ्रेश जागं राहून बघायचा होता.

सकाळी 6.15
सर्वांत आधी तारीख तपासली. पॉवर बीआयचा सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो. आपले पहाटेचे पाच म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा. म्हणून टाइलच्या सूत्रात `TODAY()` असेल, तर पहाटे साडेपाचपर्यंत तिला आज 14 तारीख आहे असंच वाटतं. विक्री कालपर्यंतची आलेली आणि अपेक्षित आकडा परवापर्यंतचाच मोजलेला, असं झालं की टक्केवारी फुगते. त्यातही एक खोच आहे. हे सूत्र कॉलममध्ये असेल तर तारीख रिफ्रेशच्या क्षणी गोठते. मेजरमध्ये असेल तर माणूस टाइल उघडेल त्या क्षणाची धरली जाते. म्हणजे नवा डेटा न येताही आकडा हलतो.

आमच्याकडे म्हणून `TODAY()` कुठेच नाही. डेटा भरण्याचं काम पूर्ण झालं की एका छोट्या तक्त्यात ‘कुठपर्यंतचा हिशेब बंद झाला’ ती तारीख लिहिली जाते आणि सगळ्या टाइल तीच वापरतात. शेवटच्या बिलाची तारीख घेऊन भागत नाही. रविवारी बिल फाटलं नाही, तर टाइलसाठी रविवार उजाडतच नाही. आज तक्त्यात 14 ऑक्टोबर होतं. बरोबर.

सकाळी 9.40
सांगलीच्या व्यवस्थापकांचा फोन. “अहो, ग्रुपवर आलेल्या एक्सेलमध्ये आमचे 85 टक्के दाखवलेत आणि तुमच्या डॅशबोर्डवर 103. पोरं विचारायला लागलीत. नक्की धरायचं काय?”

“103 धरा साहेब. तासाभरात हिशेब मांडून पाठवतो,” म्हटलं.

सकाळी 10.00
हिशेब मांडायला बसलो. मुळात पंपांची विक्री बारा महिने सारखी नसते. पावसाळ्यात ती बसते, रब्बीला उठते, उन्हाळ्यात चढते. म्हणून वर्षाच्या टार्गेटचा 40 टक्के वाटा एप्रिल ते सप्टेंबरला आणि 60 टक्के पुढच्या सहामाहीला दिलेला आहे. त्यातला ऑक्टोबरचा 8. जुन्या टार्गेटनुसार सांगलीला सप्टेंबरअखेर 960 पंप विकायचे होते. विकले 1,008. म्हणजे 105 टक्के.

एक्सेल करणाऱ्याने 2,400 खोडून 3,000 लिहिलं. लगेच सप्टेंबरअखेरची अपेक्षा 1,200 झाली आणि तेच 1,008 पंप 84 टक्क्यांवर आले. जुलैत या माणसांना 3,000 हा आकडा कुणी सांगितलाच नव्हता, तर त्या आकड्याने त्यांचा जुलै मोजायचा कसा? यावर मी ठाम आहे. संपलेले महिने त्या वेळी लागू असलेल्या टार्गेटलाच बांधलेले राहिले पाहिजेत.

म्हणून आमच्या सूत्रात 960 तसेच राहतात. उरलेले 2,040 पुढच्या सहा महिन्यांवर त्यांच्या वाट्यानुसार पसरतात. ऑक्टोबरला 60 पैकी 8 वाटा, म्हणजे 272; आधी हेच 192 होते. 14 तारखेपर्यंत ऑक्टोबरचे 123 धरले तर एकूण अपेक्षा 1,083 आणि विक्री 1,118. म्हणून 103 टक्के.

पण एवढंच दाखवणं हीसुद्धा फसवणूक ठरेल, कारण 103 बघून माणूस निवांत होतो आणि पुढची चढण त्याला दिसत नाही. म्हणून शेजारी दोन टाइल आहेत. एक पूर्ण वर्षाची: 3,000 पैकी 1,118, म्हणजे 37 टक्के. जुन्या टार्गेटवर हीच 47 दाखवली असती. हा आकडा खाली यायलाच हवा, पण का आला ते टाइलवरच लिहिलेलं हवं. तिच्याखाली आता ओळ आहे: ‘टार्गेट 1 ऑक्टोबरपासून 2,400 ऐवजी 3,000’. दुसरी टाइल सांगते की सप्टेंबरनंतर महिन्याला सरासरी 332 पंप लागतील. पहिल्या सहामाहीत महिन्याला 168 जात होते. व्यवस्थापकांना हाच आकडा सर्वांत उपयोगी पडतो.

हिशेब पाठवला. त्यांचं उत्तर आलं: “332 कळलं. माल वेळेवर पाठवायला सांगा.”

दुपारी 2.20
लातूरच्या तपासणीत ऋण आकडा आला. जुनं टार्गेट 900, सहामाहीचे बांधलेले 360, आणि परिपत्रकात नवं टार्गेट 340. उरले उणे 20! अशा ठिकाणी सूत्रात ‘शून्याच्या खाली जाऊ नये’ अशी अट टाकायचा मोह होतो. ती टाकली असती तर लातूरची टाइल मार्चपर्यंत हिरवी राहिली असती आणि कुणी काही विचारलं नसतं. आमच्याकडे ऋण आकडा आला की ती टाइल रिकामी राहते आणि मला मेल येतो.

विक्रीप्रमुख मॅडमना फोन लावला. “मॅडम, लातूरचे 340 पूर्ण वर्षाचे की उरलेल्या सहामाहीचे?”

“सहामाहीचे. काही तालुके नव्या शाखेकडे गेलेत ना.”

म्हणजे वर्षाचं टार्गेट 360 अधिक 340, एकूण 700. परिपत्रकाच्या रकान्यावर मात्र ‘वार्षिक’ असंच छापलेलं होतं. दुरुस्तीचं पत्र आजच काढायचं त्यांनी कबूल केलं. पत्र हातात आल्यावरच आकडा भरला.

दुपारी 4.30
लेखा विभागाला 10 ऑक्टोबरचा अहवाल जसाच्या तसा पुन्हा हवा होता. इथे एक तारीख पुरत नाही. नवं टार्गेट लागू 1 ऑक्टोबरपासून आहे, पण आम्हाला कळलं 14 तारखेला. 10 तारखेच्या अहवालात 2,400 होते आणि तेव्हा तेच बरोबर होतं. म्हणून टार्गेटच्या तक्त्यात जुनी ओळ आम्ही खोडत नाही. खाली नवी ओळ येते, दोन तारखांसह:

```
branch  target  valid_from  recorded_on
SANGLI  2400    2024-04-01  2024-03-22
SANGLI  3000    2024-10-01  2024-10-14
```

आणि विचारताना दोन्ही तारखा द्यायच्या:

```
SELECT target FROM targets
WHERE branch = 'SANGLI'
  AND valid_from  <= :as_of
  AND recorded_on <= :known_on
ORDER BY valid_from DESC, recorded_on DESC
LIMIT 1;
```

दोन्हीकडे 10 ऑक्टोबर दिली की 2,400 येतात. `known_on` आजची केली की 3,000. रोजच्या टाइलला दुसरी पद्धत, जुन्या अहवालाला पहिली.

संध्याकाळी 6.00
नाशिकच्या सहकाऱ्याने विचारलं, “दादा, प्रत्येक महिन्याची टक्केवारी काढून साठवूनच ठेवली तर टाइल झटकन उघडेल की.” उघडेल खरी. पण आमचा रोजचा रिफ्रेश फक्त अलीकडचे महिने नव्याने भरतो, जुन्यांना हात लावत नाही. ऑगस्टचं एखादं बिल उशिरा रद्द झालं आणि तेवढा महिना पुन्हा भरला, तर साठवलेली टक्केवारी त्या दिवशी हाताशी असलेल्या टार्गेटने निघेल. शेजारचा जुलै जुन्याच आकड्यावर राहील. तक्ता बघून हे ओळखूही येणार नाही. विक्री वेगळी, टार्गेट वेगळं साठवायचं आणि भागाकार टाइल उघडताना करायचा, असं त्याला सांगितलं. नाशिकचं टार्गेट डिसेंबरमध्ये पुन्हा बदलणार आहे. तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर मधल्या टार्गेटला बांधलेले राहायला हवेत, म्हणून तीन ओळींची चाचणी त्याच्याकडूनच आत्ता लिहून घेतली.