सहा ब्रासचा डंपर

तालुक्याच्या गावात घराचं बांधकाम निघालं की पहिला फोन वाळूवाल्याला जातो आणि व्यवहार ठरतो तो ब्रासमध्ये. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच एवढी जागा व्यापणारा ढीग. या मापात वजनाचा कुठेच उल्लेख नाही. घेणाराही विचारत नाही आणि देणाराही सांगत नाही. "सहा ब्रास एकाच खेपेत टाकतो," असं वाळूवाला म्हणाला की घेणाऱ्याला बरंच वाटतं. दोनदा अंगण खराब होणार नाही आणि दोनदा हमालीही पडणार नाही.

रस्त्याला मात्र घनफूट कळत नाहीत. त्याला टन कळतात, आणि तेही नेमक्या कोणत्या चाकांवर आहेत यावरून.

आता सहा ब्रासचा हिशेब टनात मांडून पाहू. कोरडी वाळू एका ब्रासला साधारण साडेचार टन भरते, म्हणजे सहा ब्रासचे 27 टन झाले. नदीतून काढून लगेच भरलेली ओली वाळू याहून बरीच जड असते, पण वाळूवाल्याला झुकतं माप देऊन ती कोरडीच धरू. दहा चाकी डंपर रिकामा असताना साडेअकरा टनांच्या आसपास असतो. भरल्यावर तो 38.5 टनांवर जातो. तीन अ‍ॅक्सलच्या अशा गाडीला देशात जास्तीत जास्त 28.5 टनांची परवानगी आहे आणि त्यातही त्या गाडीच्या आरसी बुकात नोंदवलेला आकडाच शेवटचा. म्हणजे हा डंपर पूर्ण दहा टन जादा घेऊन निघाला आहे. नियमात बसवायचं तर त्यात पावणेचार ब्रासच मावतात.

28.5 हा आकडाही फार जुना नाही. जुलै 2018 पर्यंत याच गाडीची मर्यादा 25 टन होती. त्या महिन्यात केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांच्या मर्यादा वाढवल्या. मागच्या बाजूला जवळजवळ बसवलेल्या दोन अ‍ॅक्सलच्या जोडीवर पूर्वी 19 टन चालत, आता 21 टन चालतात. नव्या गाड्या दणकट झाल्या आहेत, वाहतुकीचा खर्च कमी व्हायला हवा, अशी कारणं त्यासाठी दिली गेली. गाड्या दणकट झाल्या हे खरं. त्या गाड्यांखालचे रस्ते मात्र त्या जुलैत बदलले नव्हते.

वाढ 19 वरून 21 टनांची, म्हणजे दहा-अकरा टक्क्यांची. ऐकायला किरकोळ वाटते. पण रस्त्याची झीज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात झालेल्या एका प्रयोगातून दिसलं. तिथे मुद्दाम चाचणीचे रस्ते बांधले आणि त्यावर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक दोन वर्षं सतत फिरवले. ट्रक चालवायला लष्कराचे जवान होते. रस्ता कोणत्या वजनाखाली किती फेऱ्यांत खचतो याची नोंद ठेवली गेली. त्यातून निघालेला नियम ढोबळ आहे, पण जगभरचे रस्ते अभियंते आजही त्यावरच हिशेब करतात. अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर झीज दुप्पट होत नाही, सोळा पट होते. दोनला चार वेळा गुणायचं. या हिशेबाने 2018 ची ती किरकोळ वाढ कायद्याने चालणाऱ्या गाडीकडून होणारी झीजही जवळपास दीडपट करून गेली.

आपल्या डंपरला हेच गणित लावू. डंपरमध्ये जादा माल भरला की त्याचा बहुतेक भार मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. 38.5 पैकी आठ टन पुढच्या चाकांवर धरले तर मागच्या जोडीवर साडेतीस टन उरतात. परवानगी 21 टनांची. वजन दीडपटीच्याही आत आहे, पण झीज साडेचार पट होते. रस्त्याचा आराखडा करताना अभियंते प्रत्येक गाडीचं रूपांतर 'प्रमाण अ‍ॅक्सल'मध्ये करतात. त्या भाषेत नियमात भरलेल्या डंपरची मागची जोडी एका फेरीत अंदाजे चार प्रमाण अ‍ॅक्सलइतकी झीज करते आणि सहा ब्रासवाल्याची अठरा.

नदीकाठापासून हमरस्त्यापर्यंत वाळू ज्या रस्त्याने येते, तो बहुधा ग्रामीण रस्ता असतो. असा एखादा रस्ता दहा लाख प्रमाण अ‍ॅक्सल सोसेल असा बांधलाय असं समजू. रोज सहा ब्रासचे पन्नास डंपर गेले तर दिवसाला नऊशे प्रमाण अ‍ॅक्सल होतात आणि रस्त्याचं आयुष्य तीन वर्षांत संपतं. तेवढीच वाळू नियमात न्यायची तर ऐंशी डंपर लागतील, पण त्यांची झीज रोज तीनशे वीसच भरेल. रस्ता साडेआठ वर्षं टिकेल. फेऱ्या तीस जास्त आणि आयुष्य जवळपास तिप्पट. पुढची चाकं आणि इतर वाहतूक यात धरलेली नाही, म्हणून प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे कमी भरतील. त्यांच्यातला फरक मात्र राहतो.

रस्ता वरून फुटतो असं आपल्याला वाटतं. खरी सुरुवात खाली होते. जड चाक गेलं की डांबराचा थर खाली दबतो आणि परत वर येतो. वारंवार वाकवलेली पत्र्याची पट्टी जशी शेवटी तुटते, तशी या थराला तळातून भेग पडते. ती वर पोहोचली की मगरीच्या पाठीसारखं जाळं दिसायला लागतं. त्याच वेळी खालची खडी बसते आणि चाकांच्या वाटेवर चाकोरी उमटते. बैलगाडीच्या काळातला हा शब्द डांबरी रस्त्याला इतका चपखल बसावा, हे काही चांगलं लक्षण नाही. मग पावसाळा येतो, भेगांतून पाणी आत शिरतं आणि एका हंगामात खड्डे पडतात. शिव्या ठेकेदाराला बसतात. काही वेळा त्या योग्य असतात, काही वेळा अर्ध्याच.

ब्रेकचं गणित निराळं आहे. जड गाडी घाट उतरते तेव्हा तिच्या उंचीतली सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. 28.5 टनांच्या गाडीसाठी ही ऊर्जा विजेच्या भाषेत 39 युनिट होते. 38.5 टनांच्या डंपरसाठी ती 52 युनिट होते, म्हणजे एखाद्या लहान घरातली काही आठवड्यांची वीज. चालकाने खालचा गिअर टाकून संथ उतरवली तर यातली बरीचशी इंजिन जिरवतं, थोडी टायर आणि हवा जिरवतात. पण इंजिनाची ताकद वजन बघून वाढत नाही. समजा त्या वेगात इंजिन आणि बाकी सगळं मिळून 25 युनिट जिरवतं. मग नियमातल्या गाडीच्या ब्रेकवर 14 युनिट येतात आणि आपल्या डंपरच्या ब्रेकवर 27. वजन एक तृतीयांशाने वाढलं, ब्रेकची उष्णता जवळपास दुप्पट झाली.

ही उष्णता ड्रममध्ये साठते. तापलेला ड्रम फुगतो आणि ब्रेकच्या लायनरपासून दूर सरकतो. लायनरची पकडही तापल्यावर कमी होते. पेडल दाबलं जातं, पण गाडी रोखली जात नाही. जळक्या लायनरचा वास येतो आणि मागच्या चाकांतून धूर निघतो. घाबरून पेडल पुन्हा पुन्हा दाबलं तर टाकीतली हवा भराभर उतरते आणि उरलासुरला आधारही जातो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडलेली असेल तर इंजिनाचा वाटा शून्य होतो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. 20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने अठ्ठेचाळीस गाड्या ठोकरल्या, तेव्हा प्राथमिक तपासात न्यूट्रलचीच गोष्ट पुढे आली होती. त्या अपघाताचं खापर जादा मालावर फोडता येणार नाही. पण उतारावर इंजिनाची साथ सोडण्याची सवय आणि दहा टन जादा माल एका गाडीत आले तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

हे पकडायचं कुठे? वजनकाट्यावर. गाडी लोखंडी फलाटावर उभी राहते, खालचे लोड सेल भार मोजतात आणि पावती निघते. काट्याची दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून तपासणी होऊन त्यावर मुद्रा लागते. खाचाखोचाही काट्यावरच असतात. एक चाक फलाटाच्या कडेबाहेर राहिलं तर वजन कमी दिसतं. आणि एकूण वजन बरोबर आलं तरी माल सगळा मागे ढकललेला असेल तर मागची जोडी मर्यादेबाहेर असू शकते. म्हणून शंका असेल तिथे अ‍ॅक्सल वेगवेगळे मोजावे लागतात. टोलनाक्यावरच्या चालत्या गाडीचं वजन घेणाऱ्या यंत्राचा उपयोग संशयित गाडी वेगळी काढायला होतो. दंडाला आधार म्हणून उभ्या गाडीचं वजन अधिक भरवशाचं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 114 प्रमाणे अधिकारी गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो. काटा पुढच्या मार्गापासून दहा किलोमीटरच्या आत असला पाहिजे. वजन जादा निघालं तर माल मालकाच्या जोखमीवर उतरवून घ्यावा लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 चा दंड वीस हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा आहे. आपल्या डंपरला दहा टनांचे वीस हजार धरून चाळीस हजार बसतील. काट्यावर यायलाच नकार दिला तर दंड चाळीस हजार. कायद्यातली ही एक विचित्र फट म्हणावी लागेल, कारण दहा टनांहून जास्त भरणाऱ्याला थांबण्यापेक्षा पळणं कागदावर स्वस्त पडतं.

पूर्वी काही राज्यांत ठरावीक रक्कम भरून जादा माल नेण्याची सोय होती. नोव्हेंबर 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन प्रकरणात हे थांबवलं. दंड भरला म्हणून माल तसाच पुढे नेता येत नाही, जादा माल उतरवावाच लागतो, असा तो निर्णय आहे. तरीही रस्त्यावर 'दंड भरला, आता जाऊ द्या' ही भाषा ऐकू येते. आणि दंड चालकाच्या नावाने फाटला तरी कायदा तिथेच थांबत नाही. चालक मालक नसेल तर हा प्रकार मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला, असं न्यायालय गृहीत धरू शकतं.

वजनकाटा नसतानाही जादा माल ओळखता येतो. मागचे पाटे सपाट झालेले असतात, टायर जमिनीपाशी फुगून दिसतात, बॉडीच्या वर फळ्या उभ्या करून माल रचलेला असतो आणि वाळू ओली असेल तर मागून पाण्याची धार रस्ताभर ठिबकत जाते.

तेव्हा पुढच्या वेळी वाळू मागवताना ब्रासबरोबर काटा पावतीही मागा. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं वजन असतं. भरलेलं वजन आरसी बुकातल्या आकड्याशी जुळवून पाहा. दहा चाकी गाडीतून सहा ब्रास आले असतील तर ते जुळणार नाही. दोन खेपा सांगा.